सोलापूरचा दुष्काळ नेमका कुठं मोजायचा?

ऑगस्ट २०१९चा पहिला पंधरवडा आठवा. उजनीतून भीमेत पाणी सोडणं चालू होतं, पंढरपुरात चंद्रभागेला पूर आला होता, वाळवंटातली मंदिरं पाण्यात उभी होती. त्याच दिवसांत, तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवर, सांगोला तालुक्यात चारा छावण्या चालू होत्या. दावणीला बांधलेली जनावरं, पुढ्यात उसाचं वाढं आणि ड्रमात टँकरचं पाणी. बाहेरून आलेल्या पत्रकारांना ही मोठी विसंगती वाटली. जिल्ह्यातल्या माणसाला तिचं फारसं नवल नव्हतं. उजनी भरते ती मावळात, मुळशीत आणि भीमाशंकरच्या डोंगरात पडलेल्या पावसानं. सांगोल्याचं रान भिजतं ते सांगोल्यावर पडलेल्या पावसानं. या दोन पावसांची गाठ पडलीच पाहिजे असं काही नाही.

मग त्या पंधरवड्यात सोलापूर जिल्ह्यात दुष्काळ होता की नव्हता? हवामानशास्त्रज्ञ पर्जन्यमापकाकडं बोट दाखवून एक उत्तर देईल, धरणावरचा अभियंता दुसरं देईल आणि कृषिशास्त्राचा माणूस खड्डा खणून माती हातात घेईपर्यंत बोलायला तयारच होणार नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील. हवामानाचा, जलस्रोतांचा आणि शेतीचा असे हे तीन वेगळे दुष्काळ आहेत. त्यांची सुरुवात वेगळ्या दिवशी होते, शेवट वेगळ्या दिवशी होतो आणि मोजण्याची जागाही वेगळी असते. सरकारी कागदावर मात्र तालुक्याला एकच शिक्का मिळतो, आणि त्या शिक्क्याच्या वाटेवर पहिलं दार पावसाच्या आकड्याचं असतं. माझा आक्षेप त्या दारावर आहे. कोकणात किंवा विदर्भात ते चालत असेलही. पण सोलापूर हा रब्बीचा जिल्हा, त्याचं धरण दुसऱ्या जिल्ह्याच्या पावसावर भरणारं आणि त्याची जमीन दर पाच मैलांना बदलणारी. अशा जिल्ह्याला ते दार सरळसरळ अन्याय करतं.

आधी पावसाचंच बघू, कारण ते सगळ्यांत सोपं समजलं जातं. हवामान खात्याची रूढ व्याख्या अशी की एखाद्या प्रदेशात हंगामाचा पाऊस सरासरीपेक्षा २६ टक्के किंवा त्याहून कमी झाला, तर तो हवामानाचा दुष्काळ. तूट ५० टक्क्यांच्या पुढं गेली की तीव्र. जिल्हावार तक्त्यात याहून थोडी वेगळी प्रतवारी असते. तिथं उणे १९ टक्क्यांपर्यंत सगळं 'सामान्य' आणि उणे २० पासून 'तूट'. सोलापूरचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला बराचसा सप्टेंबरात आणि परतीच्या पावसात पडतो. म्हणजे जुलैअखेर काढलेली टक्केवारी इथं निम्म्या सामन्यातला धावफलक असते.

खरी अडचण टक्केवारीच्या मागं आहे. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या भागात पाऊस दरवर्षी फार खालीवर होतो. सरासरीपासूनचं हे हेलकावणं तीस टक्क्यांच्या आसपास धरलं, तर वीस टक्क्यांची तूट ही साधारण चार वर्षांतून एकदा येणारी गोष्ट ठरते. कोकणात तेच हेलकावणं अठरा टक्क्यांच्या घरात धरा, तिथं तेवढी तूट सात-आठ वर्षांतून एकदा येईल. आकडा एकच, पण एका ठिकाणी तो नेहमीचा पाहुणा आणि दुसऱ्या ठिकाणी संकट. हीच अडचण सोडवायला १९९३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडोत मॅकी आणि सहकाऱ्यांनी प्रमाणित पर्जन्य निर्देशांक मांडला. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एसपीआय म्हणतात. यात त्या ठिकाणच्या निदान तीस वर्षांच्या नोंदी घेतात, त्यांचं सांख्यिकी वितरण बसवतात आणि यंदाचा पाऊस त्या ठिकाणच्या स्वतःच्या इतिहासात किती दुर्मीळ आहे ते बघतात. शून्य म्हणजे नेहमीसारखं. उणे एकपासून मध्यम दुष्काळ, उणे दीडपासून तीव्र, उणे दोनच्या खाली अतितीव्र. यानं महाबळेश्वर आणि सांगोला एका पट्टीवर येतात.

एसपीआयचा मोठा गुण असा की तो हव्या त्या मुदतीचा काढता येतो. एका महिन्याचा काढला तर पिकाच्या अंगाला काय लागलंय त्याचा अंदाज येतो, तीन महिन्यांचा काढला तर हंगामाचा, बारा महिन्यांचा काढला तर विहिरी आणि तलावांचा. एकाच पर्जन्यमापकाच्या नोंदीतून ऑक्टोबरात तीन मुदतींचे तीन निर्देशांक काढा; कधी कधी एक उणे दीड, दुसरा शून्याजवळ आणि तिसरा अधिकमध्ये, असं दिसेल. आपल्याकडं अनेकदा नुसता 'एसपीआय इतका' असा आकडा फिरतो आणि मुदत सांगितलीच जात नाही. मुदतीशिवायचा एसपीआय मला ताप मोजून काळवेळ न लिहिलेल्या चिठ्ठीसारखा वाटतो.

पावसाच्या मोजणीतला दुसरा भाग म्हणजे खंड. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पाऊस वेळेवर सुरू झाल्यानंतर सलग तीन ते चार आठवडे, प्रत्येक आठवड्यात सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस, असा निकष आहे. कागदावर छान दिसतो. आता एक उदाहरण करून बघा. समजा जुलैतल्या आठवड्याचा सरासरी पाऊस ३० मिलिमीटर आहे, म्हणजे खंडाची रेषा १५ वर. पहिल्या आठवड्यात ४ मिलिमीटर पडले, दुसऱ्यात २. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी अर्ध्या तासात १७ मिलिमीटरची सर आली, तापलेल्या ढेकळांवरून वाहून ओढ्याला गेली. चौथ्या आठवड्यात १. चार आठवड्यांत १२० ऐवजी २४ मिलिमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा. तुरीनं माना टाकल्या आहेत. पण तिसऱ्या आठवड्यानं रेषा ओलांडली, साखळी तुटली, खंड नोंदला गेला नाही. आमच्याकडं अशा वेळी शेतकरी म्हणतो, 'त्या एका सरीनं घात केला.' ऐकणाऱ्याला वाटतं, पावसानं घात कसा होईल?

मोजमापाची जागा हाही प्रश्न आहेच. महावेध प्रकल्पानं राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली, साधारण एका महसूल मंडळाला एक. पूर्वीच्या मानानं ही फार मोठी सुधारणा, यात शंका नाही. तरी एका मंडळात दहा-पंधरा गावं सहज असतात आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस एका शिवारात पडून शेजारचं कोरडं ठेवतो. मापकाभोवती झाडं वाढली, शेजारी भिंत आली किंवा नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर तो कमीच दाखवणार. शेजारच्या चार केंद्रांवर तीस-तीस मिलिमीटर आणि मधल्या एकावर आठवडाभर अगदी शून्य दिसलं, तर आधी मापक बघायला जावं आणि मग आभाळाला दोष द्यावा.

आता धरणाकडं येऊ. सोलापूरकराचा जीव वर्षभर उजनीच्या टक्केवारीत अडकलेला असतो. वर्तमानपत्रात रोज 'उजनी अधिक इतकी' किंवा 'उणे इतकी' असं छापून येतं आणि बाहेरगावच्या पाहुण्याला उणे पाणी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. हिशेब असा आहे. धरणात तळापासून ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा, त्याच्यावर ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा, दोन्ही मिळून ११७ टीएमसी. शंभर टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे. पाणी मृतसाठ्यात उतरलं की शून्याच्या खाली मोजणी सुरू होते, पण भागाकार त्याच ५३.५७ नं. जून २०२४ मध्ये धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास होतं. ५३.५७ चे साठ टक्के म्हणजे ३२.१४ टीएमसी. ते ६३.६६ मधून वजा करा, उरतात साडेएकतीस टीएमसी. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी त्यांचा उपयुक्त साठा मिळून होतो सुमारे २९ टीएमसी. म्हणजे उणे साठवरची उजनी कागदावर त्या चौघांहून मोठी! कागदावर म्हणतो, कारण तळाशी चार दशकांचा गाळ बसला आहे आणि तो या साडेएकतीसमध्येच धरला जातो. शिवाय हे पाणी कालव्याच्या दरवाजातून बाहेर येत नाही. सोलापूर शहरासाठी दुबार आणि तिबार पंपिंग करून ते उचलावं लागतं, आणि काठावरचे शेतकरी मोटारींचे पाइप सरत्या पाण्यामागं खाली खाली नेत राहतात.

जलस्रोतांचा दुष्काळ मोजायचा तो असा साठ्यावरून, नदीच्या प्रवाहावरून आणि भूजलावरून. संहितेत यासाठी जलाशय साठा निर्देशांक आहे. आजचा साठा त्याच तारखेच्या मागच्या काही वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात. यात एक मोठं भगदाड आहे. साठा दोन कारणांनी कमी होतो, आलं कमी म्हणून किंवा सोडलं जास्त म्हणून. आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो. २०२२च्या पावसाळ्यात उजनी शंभर टक्क्यांच्या वर गेली होती. तरी मे-जून २०२३ मध्ये ती उणेमध्ये होती, म्हणजे अल निनोचा फटका बसायच्या आधीच. त्या उन्हाळ्यातला खालावलेला साठा पावसानं दिलेला नव्हता. तो कालव्याच्या आवर्तनांनी, उसानं आणि नदीतून शहरासाठी सोडलेल्या पाण्यानं दिला होता. धरणातून टाकळी-औज बंधाऱ्यापर्यंत नदीतून पाणी आणायचं म्हणजे शहराला हवं त्याच्या कितीतरी पट सोडावं लागतं. वाटेत वाळू पिते, ऊन पितं आणि नदीकाठच्या मोटारी पितात. मग पुढचा पावसाळा हुकला, त्या वर्षी धरण जेमतेम साठ टक्क्यांच्या आसपास पोहोचलं आणि जानेवारीतच पुन्हा उणेत उतरलं. पावसाची तूट एका वर्षाची, पण धरणाचा दुष्काळ दोन वर्षांच्या निर्णयांचा. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या गेल्या, तर अर्ध्या भांडणांचा निकाल तिथंच लागेल. पण तसं करणं कुणालाच सोयीचं नसतं, कारण पावसाला दोष दिला की मतदारसंघात कुणाचं नाव खराब होत नाही.

भूजलाचं मोजमाप भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा घेतात, मागच्या पाच वर्षांच्या त्याच महिन्याच्या सरासरीशी ताडतात. ऑक्टोबरात पातळी तीन मीटरहून जास्त खाली असली तर त्या गावाला लगेच टंचाई येणार, दोन ते तीन मीटर असली तर जानेवारीपासून, एक ते दोन असली तर एप्रिलपासून, असा साधारण आडाखा. ही पद्धत मला आवडते, कारण ती दुष्काळ येण्याआधी त्याची तारीख सांगते. मर्यादा आहे ती विहिरीच्या जातीची. निरीक्षण विहिरी बहुतेक करून साध्या, खोदलेल्या असतात. त्या वरच्या कुजलेल्या खडकातलं पाणी दाखवतात. गावाचा उपसा आता पाचशे-सातशे फुटांच्या बोअरमधून होतो आणि तो काळ्या पाषाणाच्या खोल भेगांतून येतो. या खडकात पाणी धरायला जागाच फार थोडी. शंभरात दोन भाग धरली तर पातळी एक मीटर खाली जाते तेव्हा खडकातून फक्त वीस मिलिमीटर पाणी गेलेलं असतं. त्यामुळं बोअर आटते ती हळूहळू नाही. सकाळी चालू असते, दुपारी पाण्याबरोबर हवा फेकायला लागते आणि आठवड्यात गप्प होते.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो शेतीचा दुष्काळ. याचं मोजमाप आभाळात नाही आणि धरणातही नाही. मुळाभोवतीच्या मातीत पिकाला ओढून घेता येईल असं पाणी किती शिल्लक आहे, एवढाच त्याचा प्रश्न. सोलापुरात तो प्रश्न मालदांडी ज्वारीला विचारायचा. ही एम ३५-१ जात मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडली गेली. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे, ते याच भागाच्या लहरी पावसामुळं. मालदांडी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात आणि मग ती जवळजवळ पावसाशिवाय वाढते. तिचं धरण म्हणजे पायाखालची काळी माती.

दोन रानं घेऊ. एक मंगळवेढ्याच्या भारी काळ्या जमिनीचं, जिथं माती मीटरभर किंवा त्याहून खोल आहे. दुसरं सांगोल्याकडचं, वर हातभर माती आणि खाली मुरूम. दोन्हीकडं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सारखाच चांगला पाऊस झाला, जमीन पुरती भिजली आणि पेर झाली असं समजा. भारी रान पिकाला उपयोगी असं साधारण १८० मिलिमीटर पाणी धरून बसलं. हलक्या रानात मावलं पन्नास-साठ, बाकीचं मुरमातून खाली किंवा ओढ्याला गेलं. पहिल्या महिन्यात पीक आणि ऊन मिळून रोज सरासरी दोन मिलिमीटर पाणी नेतात. तीस दिवसांत साठ. हलक्या रानाचा गल्ला इथंच रिकामा झाला, ज्वारी गुडघाभर उंच असताना. भारी रानात अजून १२० शिल्लक आहेत. पोटरीच्या दिवसांत रोजचा खर्च चारच्या पुढं जातो, तरी आणखी महिनाभर निघतो, मुळं खोल उतरलेली असली तर त्याहून थोडं जास्त. कणसात दाणा भरतो, थोडा हलका भरेल पण भरतो. पाऊस दोन्हीकडं सारखा, पर्जन्यमापकात दुष्काळ कुठंच नाही. जानेवारीत मात्र एका शिवारात हुरडा आणि दुसऱ्यात वाळकी वैरण.

हे मोजायचं कसं? सगळ्यांत जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे मातीचा नमुना घेणं. वेगवेगळ्या खोलीवरची माती डब्यात घेतात, वजन करतात, १०५ अंशांवर चोवीस तास भट्टीत वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. पण नुसतं ओलाव्याचं प्रमाण सांगून भागत नाही. समजा एका काळ्या मातीची जास्तीत जास्त पाणी धरण्याची ताकद ३६ टक्के आहे आणि पीक कायमचं कोमेजतं तो बिंदू २० टक्क्यांवर आहे. नमुन्यात ओलावा निघाला २४ टक्के. पिकाच्या कामाचं पाणी आहे २४ वजा २०, म्हणजे चारच भाग. भरलेल्या जमिनीत ते असतं सोळा. चार भागिले सोळा, पंचवीस टक्के. उपलब्ध ओलाव्याचं हे प्रमाण संहितेतही एक निकष म्हणून आहे, आणि पंचवीसवर आलेलं पीक गंभीर अडचणीत असतं. गंमत अशी की ही माती मुठीत दाबली तर ओलसर लागते. तलाठी किंवा पाहणीला आलेला साहेब म्हणेल, 'ओल आहे की हो.' आहे, पण ती मातीनं घट्ट धरून ठेवलेली आहे, मुळाला देत नाही. मुरमाड जमिनीत चोवीस टक्के ओलावा म्हणजे चैन, काळ्यात उपासमार.

शेतकऱ्याचं मोजमाप भेगांवर चालतं. काळं रान ओल सोडायला लागलं की आधी केसाएवढ्या चिरा पडतात, मग बोट जाईल एवढ्या, मग हात कोपरापर्यंत आत जातो. भेग पडली की खालच्या थरातलं पाणीही उन्हाला उघडं पडतं आणि मुळं तुटतात. म्हणून ज्वारीला पेरणीनंतर आठव्या आठवड्याच्या सुमारास दातेरी कोळपं चालवायची शिफारस आहे. तणासाठी पहिल्या दोन कोळपण्या, तिसरी भेगा बुजवायला. भेगेची खोली हा कुठल्याच सरकारी तक्त्यातला निकष नाही, पण डिसेंबरात शिवाराची खरी हकीकत तीच सांगते.

सरकारला एवढ्या रानांत खड्डे खणणं शक्य नाही, हे मान्य. म्हणून उपग्रहाचा आधार घेतात. पानांची हिरवाई मोजणारा एनडीव्हीआय काढतात आणि त्यावरून वनस्पती स्थिती निर्देशांक, म्हणजे व्हीसीआय. सूत्र साधं आहे. यंदाच्या हिरवाईतून त्या काळातली आजवरची सगळ्यांत कमी हिरवाई वजा करायची, त्याला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांच्यातल्या फरकानं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. शून्याकडं वाईट, शंभराकडं चांगलं. सोलापुरात हे गणित दोन ठिकाणी फसतं. पहिली जागा ऊस. जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. माढा, पंढरपूर, माळशिरस या तालुक्यांत नदी-कालव्याच्या कडेनं ऊस हिरवागार उभा असतो आणि तालुक्याची सरासरी काढली की त्याची हिरवाई कोरडवाहू रानाच्या नावावर जमा होते. दुसरी जागा पड रान. मालदांडीसाठी भारी जमीन पावसाळाभर मोकळी ठेवायची इथली जुनी रीत. ऑगस्टमध्ये त्या रानात दरवर्षी माती दिसते, चांगल्या वर्षीही आणि वाईट वर्षीही. मग सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांच्यातला फरकच चिमूटभर उरतो आणि त्यानं भागल्यावर थोडं तण उगवलं तरी निर्देशांक उडी मारतो. अलीकडं बार्शीत सोयाबीन आणि इतरत्र उडीद-तूर वाढली, म्हणून खरिपाची पाहणी पूर्वीइतकी निरर्थक राहिलेली नाही. पण मंगळवेढ्याच्या भारी रानाचा निकाल ऑगस्टच्या हिरवाईवर लावणं म्हणजे पेपर व्हायच्या आधी गुण देणं.

२०२३ मध्ये हे सगळं एका कागदावर दिसलं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात शतकभराहून जास्त काळातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. संहितेप्रमाणं आधी पाऊस आणि खंड बघितला गेला. त्या चाळणीतून जे तालुके आले त्यांचे पुढचे निकष तपासले, म्हणजे पेरणी, हिरवाई, मातीतला ओलावा, जलसाठे आणि भूजल. त्यातून उरलेल्या तालुक्यांत दहा टक्के गावं निवडून पिकांची प्रत्यक्ष पाहणी. नुकसान ३३ टक्क्यांच्या पुढं असेल तर मध्यम आणि ५०च्या पुढं असेल तर गंभीर. ३१ ऑक्टोबरला राज्यानं चाळीस तालुके जाहीर केले. सोलापूरचे त्यात पाच होते, बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा. मंगळवेढा, मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट आणि दोन्ही सोलापूर बाहेर. आरडाओरड झाली. दहा-बारा दिवसांतच सरकारनं राज्यातल्या १०२१ महसूल मंडळांना दुष्काळसदृश ठरवलं आणि त्यासाठी निकष लावला तो नुसता पावसाचा. जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. सारासूट, कर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्काची माफी वगैरे या मंडळांनाही मिळालं. केंद्राकडं मदतीचा प्रस्ताव गेला तो मात्र चाळीस तालुक्यांचा.

हा घटनाक्रम नीट बघा. उपग्रह, मातीचा ओलावा, भूजल असं सगळं शास्त्र लावून पहिली यादी झाली आणि ती टिकली नाही म्हणून दुसरी यादी एका पर्जन्यमापकाच्या आकड्यावर झाली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही याद्या रब्बी ज्वारीच्या पेरण्या चालू असताना किंवा जेमतेम उरकल्या असताना लागल्या. संहितेत रब्बीसाठी मार्चअखेरची मुदत आहे, पण तोवर मालदांडी काढून खळ्यावर आलेली असते. जनावरांची वैरण कुणी विकली, कुणी विकत घेतली, कोण ऊसतोडीला गेलं, हे सगळं तोवर ठरून गेलेलं असतं.

पावसाला पहिलं दार का केलं, याचं कारण मला कळतं आणि ते हलकं नाही. आधीच्या पद्धतीत पैसेवारी होती. पीक कापणीचा उतारा प्रमाण उताऱ्याशी ताडायचा आणि पन्नास पैशांच्या खाली आलं की टंचाई. ती प्रत्यक्ष पिकावर बोलायची, पण गावकी, तलाठी आणि पुढारी यांच्या ओढाताणीत पन्नासचे एकेचाळीस किंवा चोपन्न होताना लोकांनी पाहिले आहेत. पाऊस मोजणाऱ्या यंत्राला फोन करता येत नाही. केंद्रानं म्हणून पावसाचा आकडा पुढं आणला. पण प्रामाणिक आकडा हवा म्हणून चुकीच्या जागेचा आकडा घ्यायचा, हे काही उत्तर नव्हे. मातीचा ओलावाही तितक्याच प्रामाणिकपणे मोजता येतो.

माझं म्हणणं एवढंच की सोलापुरात तिन्ही दुष्काळ वेगवेगळे जाहीर करावेत, प्रत्येकाची तारीख वेगळी आणि प्रत्येकाला चिकटलेली मदतही वेगळी. पावसाचा दुष्काळ सप्टेंबरअखेर, एसपीआयवर आणि मुदत लिहून. त्याचा उपयोग इशारा म्हणून. जलस्रोतांचा दुष्काळ ऑक्टोबरच्या विहिरींवर आणि उजनीच्या साठ्यावर, त्यात आलेलं किती आणि सोडलेलं किती याचा वेगळा रकाना. त्याला टँकर, पिण्याचं आरक्षण आणि कालव्याच्या आवर्तनाची कात्री जोडलेली, तालुक्यात पाऊस पूर्ण पडला असला तरीही. आणि शेतीचा दुष्काळ डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ज्वारी पोटरीत येताना, मंडळातल्या हलक्या आणि भारी अशा दोन्ही रानांत मीटरभर खोलीपर्यंत घेतलेल्या ओलाव्यावर, पावसाची अट न घालता. मंडळाला दोन जागी नमुने घ्यायला लागतात एक गिरमिट, थोडे पत्र्याचे डबे, एक वजनकाटा आणि एक भट्टी. ही सामग्री कुठल्याही कृषी महाविद्यालयात असते.

तिन्ही वेगळे केले तर कुठलाच तालुका पूर्ण सुटणार नाही आणि सरकारवर बोजा वाढेल, अशी भीती सांगितली जाते. मला उलटं दिसतं. आज एक शिक्का बसला की माढ्याच्या कालव्याकाठच्या ऊसवाल्याला आणि त्याच तालुक्यातल्या माळावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला वीजबिलातली सवलत सारखीच मिळते. त्यातही ज्याच्याकडं मोटारच नाही त्याला त्या सवलतीतून काहीच मिळत नाही. मातीवर मोजलं तर पैसे माळावर जातील. त्यानं काठावरचे लोक नाराज होतील, आणि काठावरच्यांचा आवाज मोठा आहे. मला वाटतं, हा बदल अडला आहे तो शास्त्रापाशी नाही, इथं अडला आहे.